बिल मंजूर झालं आणि क्लायंट गप्प झाला: पाठपुराव्याच्या मेलवर हात फिरवताना

प्रश्न: मी पुण्यात फ्रीलान्स अनुवाद करते. नाशिकच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेचं काम २० जुलैला दिलं. १ ऑगस्टला ६०,००० रुपयांचं बिल क्र. १४ पाठवलं, त्यावर ३० दिवसांची मुदत लिहिली होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बिल मिळालं, ठीक आहे, अकाउंट्सकडे पाठवतो." त्यानंतर काहीच नाही. दोनदा व्हॉट्सॲप केलं, निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. आज १८ सप्टेंबर. हा मेल पाठवू का? "नमस्कार सर, कसे आहात? पुन्हा त्रास देतेय, क्षमस्व. मागच्या बिलाचं काही झालं का? आपण कामात असाल याची कल्पना आहे, जमेल तेव्हा एकदा बघाल का? घाई नाही. धन्यवाद."

उत्तर:

या रूपात पाठवू नका. सौजन्य ठीक आहे, पण या मेलवर कुणाला काही करता येत नाही. तो ज्यांच्याकडे जाणार त्यांना आधी जुने मेल उपसून "मागचं बिल" म्हणजे कोणतं हे शोधावं लागेल, आणि शेवटी तुम्हीच "घाई नाही" म्हणून मोकळं केलंय. असा मेल माणूस वाचतो, मनात "बघू" म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. "ठीक आहे, पाठवतो" म्हणणारे गृहस्थ मार्केटिंगचे किंवा प्रॉडक्टचे असणार. पैसे ते देत नाहीत. त्यांच्या टेबलावरून बिल अकाउंट्सकडे जातं, तिथे ते पीओशी, म्हणजे कंपनीच्या खरेदी आदेशाशी जुळवतात, तुमचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदीचा क्रमांक, आहे का ते पाहतात, नोंद करतात, आणि मग ते पेमेंटच्या यादीत चढतं. बऱ्याच कंपन्या ही यादी महिन्यात एक-दोन ठरलेल्या तारखांनाच काढतात. अनुवादासारख्या कामात बिल अडकण्याच्या जागा ठरलेल्या असतात: काम तोंडी दिलेलं असल्याने पीओ काढलेलाच नसतो, व्हेंडर कोडसाठी पॅन आणि रद्द केलेला चेक मागवायचा राहून गेलेला असतो, किंवा मेल फॉरवर्डच झालेला नसतो. तिसऱ्या प्रकारात समोरचा माणूस ओशाळून गप्प बसतो. दीड महिन्यानंतर "अहो, पाठवायचंच राहिलं" असं कोण लिहील? म्हणून तुमच्या मेलला विचारायचंय ते इतकंच की बिल कोणत्या टेबलावर आहे. आणि समोरच्याला मान खाली न घालता उत्तर देता येईल अशी वाटही त्यातच ठेवायची.

आता ओळींकडे. "कसे आहात" काढा. बिलाच्या मेलच्या सुरुवातीला विचारलेली ख्यालीखुशाली कुणालाच खरी वाटत नाही. "त्रास" आणि "क्षमस्व" काढा, कारण मुदत उलटून १८ दिवस झालेत आणि माफी मागायची वेळ तुमची नाही. "काही झालं का" या प्रश्नाला "हो, चालू आहे" एवढं उत्तर पुरतं, म्हणून त्याजागी टप्पा आणि तारीख विचारा. "आपण कामात असाल" हे वाक्य तर उत्तर न देण्याचं कारण तुमच्याच हाताने लिहून देतं. गणपतीत कारखाने सुस्तावतात हे खरं, पण ते त्यांनी सांगावं.

एवढं काढल्यावर "नमस्कार" आणि "धन्यवाद" उरतात. मधला भाग असा भरा:

> नमस्कार [आडनाव] सर,
>
> पंपाच्या माहितीपुस्तिकेच्या मराठी अनुवादाचं बिल क्र. १४ (दि. १ ऑगस्ट, रु. ६०,०००) अकाउंट्सकडे पाठवत असल्याचं आपण २ ऑगस्टला कळवलं होतं. बिलाची मुदत ३१ ऑगस्टला संपली. रक्कम अजून जमा झालेली नाही.
>
> बिल सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि पेमेंट कोणत्या तारखेला निघेल, हे २४ सप्टेंबरपर्यंत कळवावं ही विनंती. पीओ, पॅन किंवा रद्द केलेला चेक यांपैकी काही राहिलं असेल तर सांगा, त्याच दिवशी पाठवते. अकाउंट्समध्ये हे बिल पाहणाऱ्यांचा मेल आयडी दिलात, तर पुढचा पाठपुरावा थेट त्यांच्याशी करेन.
>
> मूळ बिल पुन्हा जोडलं आहे. क्रमांक, तारीख आणि बँक खातं यांत काही बदल नाही.
>
> धन्यवाद.

पहिल्या परिच्छेदात एकही विशेषण नाही, तसंच राहू द्या. तीन तारखा आणि रक्कम शेजारी ठेवली की "फार उशीर झालाय" वेगळं लिहावं लागत नाही. त्यांचंच २ ऑगस्टचं वाक्य त्यांच्यासमोर ठेवल्याने "बिल मिळालंच नाही" ही पळवाटही बंद होते. अकाउंट्सच्या मेल आयडीची मागणी सगळ्यात उपयोगी. ती मान्य करणं त्या गृहस्थांनाही सोयीचं असतं, कारण तुमचा तगादा त्यांच्या गळ्यातून सुटतो.

हा मेल नवा लिहू नका. २ ऑगस्टच्या त्यांच्या उत्तराखालीच "रिप्लाय" करा. बिल, पोच आणि तगादा एका साखळीत राहिले की उद्या तो मेल कुणी साहेबांकडे किंवा अकाउंट्सकडे ढकलला तर सगळं एकत्र पोचतं. मेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एकच ओळ: "सर, बिल क्र. १४ बद्दल मेल केला आहे, पाहावा." खरी मागणी मेलवरच हवी.

बिल पुन्हा जोडताना एक चूक बरेच जण करतात: आजची तारीख घालून नवी प्रत बनवतात. त्याने मुदत आजपासून मोजायचं निमित्त मिळतं. नंबरही बदलला असेल तर अकाउंट्सला एकाच कामाची दोन बिलं दिसतात आणि दोन्ही बाजूला पडतात. १ ऑगस्टला गेलेली तीच पीडीएफ जोडा. बँक खातं बदललं असलं तरी ते या मेलमध्ये सांगू नका. तगाद्याच्या मेलमधून आलेला नवा खाते क्रमांक म्हणजे फसवणुकीची ओळखीची खूण, आणि सावध अकाउंटंट पेमेंट तिथेच रोखेल.

रकमेबद्दल थोडं. मेलमध्ये पूर्ण ६०,००० लिहा, पण खात्यात तेवढे येतील असं धरू नका. व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर ६,००० वजा होऊन ५४,००० जमा होतील. काही कंपन्या असं काम करारकाम धरून व्यक्तीला १ टक्काच कापतात. दोन्हीत कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसायला हवी, त्यामुळे लगेच "६,००० कमी आले" असा मेल टाकू नका. याच टीडीएसमधून आणखी एक गोष्ट कळते. टीडीएस पैसे देताना किंवा त्याआधी वह्यांत नोंद करताना, जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. त्यानंतर नोव्हेंबरात आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण उघडा. या कंपनीच्या नावाने नोंद दिसली आणि पैसे मात्र आलेले नाहीत, तर बिल वह्यांत चढलेलं आहे. मग टप्पा विचारत बसू नका. "बिलावरचा टीडीएस भरलेला दिसतो, उर्वरित रक्कम कोणत्या तारखेला निघेल?" या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणं अवघड जातं.

२४ सप्टेंबरला काहीच आलं नाही तर दुसरा मेल त्याच साखळीत, दोनच वाक्यांचा, आणि या वेळी सीसीमध्ये अकाउंट्स किंवा ज्यांनी मुळात काम दिलं ते. यांच्या पुढच्या पुस्तिकेचं काम हातात असेल तर इथे लिहा: "पुस्तिकेच्या दुसऱ्या भागाचं काम बिल क्र. १४ ची रक्कम जमा झाल्यावर सुरू करेन." फक्त एवढंच. "नाइलाजाने" आणि "खेदाने" घातलं की वाक्याचं वजन जातं. लवकर दिल्यास सूट असलं काही सुचवू नका, मान्य झालेल्या बिलावर पुन्हा घासाघीस सुरू होते.

कायद्याची भाषा तिसऱ्या मेलपर्यंत राखून ठेवा, आणि तेव्हाही काम घेण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, असेल तरच. नोंदणी आता काढून जुन्या बिलाला लावायला गेलात तर त्यावरच वाद होईल. नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याखाली हिशोब असा. तुम्ही काम दिल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही, म्हणून २० जुलैलाच काम स्वीकारलं असं धरतात. मुदतीबद्दल दोघांत लेखी करार नसेल तर तिथून १५ दिवस, म्हणजे ४ ऑगस्ट. करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही, म्हणजे ३ सप्टेंबर. तुम्ही बिलावर एकतर्फी छापलेले ३० दिवस म्हणजे करार नव्हे, पण मागणी ३१ ऑगस्टपासूनच करा, दिलेला शब्द मोडायला नको. मुदतीनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाते, आणि ती पुरवठादाराच्या ठिकाणी चालते. पुढे कधी क्लायंट बेंगळुरूचा निघाला तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही.

"मला वेळेत पैसे दिले नाहीत तर तुमचा खर्च आयकरात धरला जाणार नाही" हे वाक्य हल्ली सगळे मेलमध्ये चिकटवतात. तरतूद खरी आहे, पण खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरला जातो. त्यांनी मार्चअखेरपर्यंत पैसे दिले तर त्यांचं काही बिघडत नाही. सप्टेंबरात हे लिहिलंत तर त्यांचा सीए हसेल. बिल फेब्रुवारीपर्यंत लटकलंच, तर तेव्हा तीच ओळ अकाउंट्सला पाठवा, आणि सोबत उद्यम प्रमाणपत्र जोडा. ते प्रमाणपत्र बिलासोबत आधी गेलं नसेल, तर तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात हे त्यांच्या यादीत नोंदलेलंच नसेल.