कलम २५४ ही शेवटची पायरी

प्रश्न: "केंद्राच्या आणि राज्याच्या कायद्यात टक्कर आली की मी पेपरात सरळ कलम २५४ लिहिते आणि केंद्राचा कायदा टिकेल असं सांगते. तरी निम्मेच मार्क मिळतात. असा प्रश्न नेमका सोडवायचा कसा? (एलएलबी, दुसरं वर्ष, रत्नागिरी)"

तुम्ही शेवटच्या पायरीवरून सुरुवात करताय, मार्क तिथेच जातात. मी अलिबागला वकिली करतो, काही वर्षं संध्याकाळच्या वर्गाला घटना शिकवलीय आणि गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत. दहातल्या सात उत्तरांत पहिल्याच ओळीत २५४ असतं. तपासणाऱ्याला त्या ओळीतच कळतं की मुलीने विषय कोणत्या सूचीतला आहे हे पाहिलेलंच नाही.

तुम्ही रत्नागिरीच्या, म्हणून मिरकरवाडा बंदराचंच उदाहरण घेऊ. समजा पेपरात असं आलं: राज्याने आपल्या मासेमारी कायद्याखाली पर्ससीन जाळ्यांवर बंदी घातली. एका नौकेवर कारवाई झाली. नौकेच्या जीपीएसवर जाळं टाकल्याची जागा चौदा सागरी मैलांवर दिसते. मालक म्हणतो, तिथे केंद्राने मला मनाई केलेली नाही. कोणाचं चालेल?

इथे २५४ लिहिलंत की उत्तर गेलं. सातवी अनुसूची उघडा. राज्य सूचीत नोंद २१ आहे, 'मत्स्यव्यवसाय'. संघ सूचीत नोंद ५७ आहे, तिचा विषय सागरी हद्दीपलीकडची मासेमारी. म्हणजे घटनेने हा विषय दोघांना वाटून दिलाय आणि मध्ये रेघ ओढलीय. ती रेघ १९७६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे आधाररेषेपासून बारा सागरी मैलांवर. रेघेच्या आत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो, बाहेर केंद्र. पावसाळ्यातली बंदी म्हणूनच दोन आदेशांनी येते: आतल्या पाण्यासाठी राज्याचा आणि बाहेरच्या पाण्यासाठी केंद्राचा. बंदरावरच्या तांडेलाला हे तोंडपाठ असतं.

मग प्रश्न उरतो तो अधिकाराचा. राज्याला चौदा मैलांवरच्या मासेमारीवर कायदा करता येतो का? हा कलम २४६ चा प्रश्न, आणि जोडीला २४५ चा, कारण राज्याचा कायदा राज्यापुरता असतो. अधिकारच नसेल तर केंद्राचा कायदा असो वा नसो, राज्याची बंदी तिथे पोचत नाही. उलट नौका नऊ मैलांवर असती, तर 'केंद्राचा कायदा वरचढ' हे तुमचं वाक्य साफ चुकलं असतं, कारण नऊ मैलांवर कायदा करण्याचा अधिकार राज्याचा आहे.

यात दोन बारीक गोष्टी आहेत, त्या लिहिणाऱ्याचा पेपर लगेच वेगळा दिसतो. पहिली, 'किनाऱ्यापासून चौदा मैल' एवढ्याने भागत नाही. मोजणी आधाररेषेपासून होते आणि आपला किनारा खाड्यांनी, भूशिरांनी इतका कातरलेला आहे की आधाररेषा सगळीकडे वाळूला चिकटून जात नाही. प्रश्नात फक्त किनाऱ्याचं अंतर दिलं असेल तर 'आधाररेषेपासूनचं अंतर बारा मैलांहून जास्त आहे असं धरून' एवढं लिहा. दुसरी, राज्य म्हणू शकतं की मासळी माझ्या जेट्टीवर उतरते, नौकेची नोंदणी माझ्याकडे आहे, म्हणजे माझा संबंध आहे. हा प्रादेशिक संबंधाचा युक्तिवाद, आणि तो पोकळ नाही. तामिळनाडूच्या पर्ससीन बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन बारा मैलांपलीकडे अशा नौकांना आठवड्यातले दोन दिवस, ठरावीक वेळेत मुभा दिली. तो अंतरिम आदेश आहे, अंतिम कायदा म्हणून लिहू नका.

आता २५४ खरोखर कुठे लागतं ते बघू. त्यासाठी माझ्या बाजूला या. अलिबाग तालुक्यात ओहोटीला पाणी मागे सरलं की ओली पुळण अशी घट्ट होते की छकड्याचं चाक रुतत नाही. तिथे बैलगाडीच्या शर्यती होतात. मध्ये काही वर्षं त्या बंद होत्या. त्या का बंद पडल्या आणि कशा सुरू झाल्या, हा २५४ चा मी पाहिलेला सगळ्यात स्वच्छ धडा आहे.

संसदेचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. अनावश्यक वेदना देणं हा त्यात गुन्हा. २०११ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. तामिळनाडूचा जल्लीकट्टूचा २००९ चा स्वतःचा कायदा होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात तो केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून शून्य ठरवला, आणि आपल्याकडच्या शर्यतीही थांबल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने वेगळा मार्ग घेतला. नवा कायदा करण्याऐवजी १९६० च्या केंद्रीय कायद्यातच राज्यापुरती दुरुस्ती केली, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी ठेवली, नियम केले, आणि दुरुस्तीला राष्ट्रपतींची अनुमती घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

हीच गोष्ट प्रश्न म्हणून आली तर मी अशी सोडवेन. आधी विषय. बैल म्हटल्यावर हात आपोआप राज्य सूचीच्या नोंद १५ कडे जातो, कारण तिथे पशुधनाचं जतन आणि संवर्धन आहे. पण कायद्याचं नाव सोडून त्याचा गाभा काय ते बघायचं. शर्यतीत बैलाला किती वेदना चालेल याची ही तरतूद आहे, आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीच्या नोंद १७ मध्ये आहे. घटनापीठानेही याच नोंदीत तो धरला. संसद आणि विधिमंडळ दोघांनाही अधिकार, म्हणजे २५४ चं दार इथे उघडलं. मिरकरवाड्याला ते बंद होतं. हा फरक एका ओळीत लिहा आणि हॉक्स्ट फार्मास्युटिकल्स, १९८३ हे नाव जोडा. २५४ ची विसंगती समवर्ती विषयापुरती, हे त्या निकालात आहे.

मग खरंच विसंगती आहे का? दोन कायदे एकाच विषयावर आहेत एवढं पुरत नाही. एक पाळताना दुसरा मोडावाच लागतो का, हे पाहायचं. करुणानिधी खटल्यात (१९७९) कसोट्या आहेत: विरोध थेट आणि स्पष्ट हवा, दोन्ही एकत्र उभे राहू शकत असतील तर विसंगती नाही. इथे केंद्र म्हणतं बैलाचा खेळ नको, राज्य म्हणतं अटींसह चालेल. गाडीवानाला दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. विसंगती आहे.

तेव्हा कुठे २५४(१): केंद्राचा कायदा टिकेल, तो आधीचा असो की नंतरचा. 'नंतरचा कायदा टिकतो' असं पुष्कळ जण लिहितात, ते इथे लागू नाही. आणि राज्याचा कायदा जितका विसंगत तितकाच शून्य होतो, अख्खा नाही.

लगेच २५४(२). राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला आणि त्यांची अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा टिकतो. २००९ चा तामिळनाडूचा कायदा पडला आणि २०१७ ची दुरुस्ती उभी राहिली, त्यातला मोठा फरक हा. पेपरात 'राज्यपालांनी अनुमती दिली' असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. परीक्षक तो शब्द मुद्दाम ठेवतो. राज्यपालांच्या सहीने २५४(२) चं संरक्षण मिळत नाही.

राष्ट्रपतींची अनुमती म्हणजे सरसकट कवच, असंही नाही, आणि हे मुलांना सहसा माहीत नसतं. मुंबईचा कैसर-ए-हिंद खटला (२००२) वाचा. मुंबई भाडे कायद्याच्या मुदतवाढीला राष्ट्रपतींची अनुमती होती. पण राज्याने ती मागताना ज्या केंद्रीय कायद्यांशी विरोध दाखवला होता त्यांत सार्वजनिक जागांवरून भोगवटादार काढण्याचा केंद्रीय कायदा नव्हता. घटनापीठ म्हणालं, ज्या कायद्याकडे राष्ट्रपतींचं लक्षच वेधलं नाही त्यावर या अनुमतीने मात होत नाही. तिथे केंद्राचा कायदा टिकला आणि भाडेकरूंना राज्याच्या कायद्याचा आधार राहिला नाही. म्हणून प्रश्नात 'अनुमती मिळाली' एवढंच असेल तर 'ती या केंद्रीय कायद्यासंदर्भात मागितली होती असं गृहीत धरून' हे शब्द घाला. मी असे शब्द दिसले की समासात बरोबरची खूण करतो, कारण मुलीने निकाल उघडून पाहिलाय हे त्यातून कळतं.

शेवटी २५४(२) चं परंतुक. अनुमतीने टिकलेला कायदाही कायमचा नाही. संसद उद्या त्याच विषयावर नवा कायदा करू शकते, राज्याचा कायदा बदलू किंवा रद्दही करू शकते. झवेरभाई अमयदास विरुद्ध मुंबई राज्य (१९५४) हे आपल्याच राज्याचं उदाहरण. मुंबईने जीवनावश्यक वस्तूंच्या गुन्ह्याला शिक्षा वाढवली होती, अनुमतीसह. नंतर संसदेने त्याच शिक्षेवर स्वतःची तरतूद आणली आणि मुंबईची निष्प्रभ झाली. बैलगाडीच्या प्रश्नात उत्तराचं शेवटचं वाक्य म्हणून मी एवढंच लिहीन: '२०१७ ची दुरुस्ती महाराष्ट्रात टिकते, संसद त्याच विषयावर पुन्हा कायदा करेपर्यंत.'

आणि मिरकरवाड्याच्या प्रश्नात २५४ हा आकडा एकदाच यावा, 'इथे ते लागू नाही' हे सांगण्यासाठी.