पगार वाढला, बेसिक तिथंच राहिलं

प्रश्न: मी सोलापूरचा. शारजात सहा वर्षं झाली, आता राजीनामा देऊन परत यायचंय. सर्व्हिसचे पैसे मिळतील का, आणि ते आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीपेक्षा जास्त असतात का?

मिळतील. फेब्रुवारी २०२२ पासून एमिरेट्समध्ये नवा कामगार कायदा आहे, त्यात राजीनामा दिला म्हणून हे पैसे कापत नाहीत. पण किती मिळतील हे तुमच्या लेबर काँट्रॅक्टवर बेसिकच्या रकान्यात काय लिहिलंय त्यावर ठरतं. तो कागद आजच काढून बघा. मी तो नऊ वर्षं नीट बघितला नाही.

मी २०१४ मध्ये एसीच्या कामावर दुबईला गेलो. पगार १८०० दिरहम, त्यातलं बेसिक १२००. काँट्रॅक्ट रिन्यू होताना दोनदा पगार वाढला आणि शेवटी २६०० झाला. दोन्ही वेळा मी खुशीत सही केली, घरी फोन करून सांगितलं. वाढ सगळी भत्त्यांत घातली होती, बेसिक १२००च राहिलं. हिशेब शेवटच्या बेसिकवर होतो, राहण्याचा आणि प्रवासाचा भत्ता त्यात धरत नाहीत. म्हणजे २०२३ मध्ये निघताना माझ्या एका दिवसाची किंमत १२०० भागिले ३०, फक्त ४० दिरहम.

पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवस, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवस. माझे १०५ आणि १२० मिळून २२५ दिवस झाले, म्हणजे ९००० दिरहम. पगारासोबत बेसिकही २००० झालं असतं तर १५,००० आले असते. सहा हजार दिरहम गेले, त्या वेळच्या भावाने सव्वा लाखाच्या वर. आणि यात कायद्याने काही चुकीचं नव्हतं, सही माझीच होती.

चुकीचं होतं ते पुढचं. कंपनीच्या ऑफिसने नऊच्या नऊ वर्षं २१ दिवसांनी धरली आणि १८९ दिवसांचे ७५६० काढले. कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या पीआरओने व्हिसा कॅन्सलेशनचा कागद पुढे केला, त्यावर 'सर्व देणी मिळाली' असं छापलेलं होतं. म्हणाला, सही कर, पैसे नंतर येतील. मी सही केली नाही. कागदावर वर्षवार हिशेब मांडून दाखवला आणि कामगार मंत्रालयात तक्रार करतो म्हणालो. चार दिवसांनी ९००० बँकेत जमा झाले, मग सही केली. सुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा कायदाच आहे, पण एकदा त्या कागदावर सही झाली की भांडणं फार अवघड जातं.

आता ग्रॅच्युइटीचं. आमच्या घरात हा वाद जुना आहे. थोरला भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात होता. मी परतल्यावर पहिलं वाक्य त्याचं: "काय बे, नऊ वर्षांत एवढंच?" त्याला बारा वर्षांची ग्रॅच्युइटी १,०८,००० मिळाली होती. शेवटचा बेसिक आणि डीए १५,६०० होता. त्याला २६ ने भागून ६००, गुणिले १५ दिवस, गुणिले १२ वर्षं.

त्याला मी एवढंच म्हणतो की रुपये नको, महिने मोज. माझ्या नऊ वर्षांना साडेसात महिन्यांचं बेसिक मिळालं. इथं नऊ वर्षांना पाच महिन्यांच्या थोडं वर बसतं. शिवाय आपल्याकडे कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण लागतात. त्याने त्याआधीचा कारखाना चार वर्षं दोन महिन्यांनी सोडला, तिथून एक रुपया आला नाही. तिकडे एक वर्ष भरलं की हक्क सुरू होतो. दहापेक्षा कमी कामगार दाखवणाऱ्या लूमवाल्यांकडे तर ग्रॅच्युइटीचा कायदाच लागत नाही, आणि सोलापुरात असे कमी नाहीत.

पण पीएफच्या बाबतीत तो बरोबर आहे, हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही, इथं करतो. मालकाचा १२ टक्के हिस्सा म्हणजे वर्षाला जवळपास दीड महिन्याचा पगार. तो आणि ग्रॅच्युइटी धरली तर वर्षाला दोन महिने होतात. आपल्याला तिकडे पीएफ नसतो, सर्व्हिसचे पैसे हेच सगळं. म्हणून जाणाऱ्या पोरांना मी सांगतो, पगार किती हे नंतर विचारा, बेसिक किती हे आधी विचारा. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये भत्ते निम्म्याच्या वर गेले तर जास्तीचा भाग वेतनातच धरतात. तिकडे असं काही नाही.

तुमचे सहा वर्षांचे १३५ दिवस होतात. बिनपगारी सुट्टीवर गावी राहिला असाल तर ते दिवस सेवेतून वजा करा. नोटीस न भरता निघालात तर त्याचे पैसे मालक मागू शकतो. आणि हे सगळं एमिरेट्सचं आहे, सौदीत लावू नका. तिथं हिशेबात भत्तेही धरतात, पण दोन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर काहीच नाही, पाच वर्षांच्या आत दिला तर एक तृतीयांश, आणि पूर्ण रक्कम दहा वर्षांनंतरच.