अंड्यांच्या घटीचे तीन आकडे, खरा कुठला?

प्रश्न: सत्तरीतल्या शाळांत अल्बेंडाझोल ४०० मि.ग्रॅ. देऊन चाचणी केली. अंकुशकृमीसाठी प्रत्येक मुलाची घट काढून सरासरी घेतली तर ७८ टक्के, सगळ्यांच्या सरासरीवरून ८९, आणि भूमितीमध्याने ९९ येते. अहवालात कुठला आकडा लिहू?

उत्तर: ८९ लिहा. तिन्ही आकड्यांचे निकाल वेगवेगळे लागतात, म्हणून कारण नीट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या निकषांत अंकुशकृमीवर अल्बेंडाझोलची घट ९० टक्के किंवा जास्त असेल तर समाधानकारक, ८० ते ९०च्या मध्ये असेल तर शंकास्पद आणि ८०च्या खाली असेल तर परिणाम कमी झालेला, असे धरतात. म्हणजे तुमच्या एकाच तक्त्यातून औषध नापास, काठावर आणि उत्तम असे तिन्ही निघते!

तुमचा तक्ता माझ्यासमोर नाही, पण दहा मुलांचा एक रचून बघू. आधीची अंडी, दर ग्रॅमला: ४८, ७२, ९६, १२०, १४४, २४०, ३६०, ४८०, १२००, २४००. औषधानंतर आठ मुलांत शून्य, पहिल्यात ९६ आणि शेवटच्यात ४८०. बेरीज आधी ५१६०, नंतर ५७६. घट ८८.८ टक्के.

```
=100*(1-AVERAGE(C2:C11)/AVERAGE(B2:B11))
```

आता मुलागणिक घट काढा. आठ जणांची १००, शेवटच्याची ८०, पण पहिल्याची उणे १००. सरासरी ७८. हे पहिले मूल म्हणजे काय, ते काचेवर बघा. काटो-काट्झच्या साच्यात ४१.७ मि.ग्रॅ. शौच बसते, म्हणून मोजलेली अंडी २४ने गुणतात. त्या मुलाच्या काचेवर आधी दोन अंडी दिसली, नंतर चार. एवढा फरक एकाच डबीतल्या दोन चिमटींतही पडतो. त्या दोन अंड्यांनी अख्खा निकाल खाली ओढला.

भूमितीमध्य उलट बाजूला जातो. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून सगळे प्रत्येक आकड्यात एक मिळवतात आणि मध्य काढल्यावर तो एक वजा करतात. मग मध्य आधी सुमारे २४३ आणि नंतर जेमतेम २ येतो, म्हणजे घट ९९.२. शेवटच्या मुलाची ४८० अंडी आठ शून्यांखाली दबली. पण अंगणात, बागायतीत अंडी पसरतात ती त्याच मुलाकडून, आणि औषध कुठे कमी पडते आहे तेही तेच मूल दाखवते. अंकगणिती मध्य एकूण अंडी मोजतो, म्हणून संघटनेनेही तोच धरायला सांगितले आहे.

त्याची एक अडचण आहे, ती लपवू नका. वरच्या तक्त्यातून ते २४००चे मूल वगळा: बेरीज २७६० आणि ९६, घट थेट ९६.५. एका मुलामुळे शंकास्पदचे समाधानकारक झाले. म्हणूनच सुरुवातीला अंडी सापडलेली आणि दोन्ही वेळा नमुना दिलेली निदान ५० मुले लागतात, आणि ८९च्या शेजारी विश्वास-अंतर छापावे लागते. मुले पुन्हापुन्हा यादृच्छिक निवडून पाच हजार वेळा घट काढा आणि मधल्या ९५ टक्क्यांची टोके द्या. ती टोके ९०च्या दोन्ही बाजूंना पडत असतील तर तसेच लिहा.

सूत्राआधी काचा मात्र तपासा. पेडण्याच्या बाजूला एका शाळेच्या दुसऱ्या फेरीत आमच्याकडे अंकुशकृमी सगळीकडे शून्य आली. मी खूश होण्याऐवजी घाबरलो, कारण त्याच काचांवर चाबूककृमीची अंडी ठळक दिसत होती. चौकशी केली तेव्हा कळले, काचा सकाळी अकराला केल्या होत्या आणि जेवणानंतर, अडीचला वाचल्या. ग्लिसरीनमध्ये अंकुशकृमीच्या अंड्याचे पातळ कवच विरघळल्यासारखे दिसेनासे होते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तर फारच लवकर. अर्ध्या ते एका तासात वाचलीच पाहिजेत. डब्या शीतपेटीत होत्या म्हणून संध्याकाळी नव्या काचा करता आल्या, आणि पाच मुलांत अंडी सापडली. काच लावल्याची आणि वाचल्याची वेळ नोंदवहीत आहे का, ते आधी बघा. दोन्ही फेऱ्यांत मुलामागे काचांची संख्या सारखी होती का, तेही.

शेवटची गोष्ट तारखेची. दुसरा नमुना औषधानंतर १४ ते २१ दिवसांत घ्यायचा असतो. गोळी अशा दिवशी दिली की हा आठवडा चवथीच्या सुट्टीत पडतो, तर मुले मूळ घरी गेलेली असतात आणि वर्ग निम्मे रिकामे. तुमच्या गळालेल्या मुलांची यादी काढून त्यांचे आधीचे आकडे बघा. जास्त अंड्यांचे एखादे मूल गळले असेल आणि २१ दिवस उलटले नसतील, तर त्याच्या घरी जाऊन डबी आणा.