साठ पाहुण्यांवर भागलेला दर चाळीस पाहुण्यांना पुरत नाही

प्रश्न: मी घरून लहान केटरिंग ऑर्डर घेते. एका यजमानांनी ४० ते ६० पाहुण्यांसाठी ताटाचा दर विचारला आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून एका ताटाचा कच्चा माल १०० धरते. त्याच मापाने प्लेट, नॅपकिन, इंधन मिळून ताटामागे २० होतात. गाडी १,२००, भाड्याची भांडी आणि टेबलं १,२००, दोन मदतनीस १,६००, असा ४,००० खर्च एकदाच होतो. हे दोघं ५५ पाहुण्यांपर्यंत सांभाळतात. ४,००० ला ६० ने भागून वर २० टक्के नफा धरला की ताट २२५ ला जातं. उद्या हाच दर सांगू का? आणि किमान किती पाहुण्यांची अट घालू?

उत्तर: २२५ सांगू नका. तुमच्या बेरीज-भागाकारात चूक नाही, चूक भाजकात आहे. साठ हा यजमानांचा अंदाज आहे, हमी नाही. गाडी, भांडी आणि मदतनीस यांचे ४,००० पाहुणे किती येतात ते पाहून कमी होणार नाहीत. चाळीसच आले तर ते ४,००० चाळीस ताटांतूनच निघाले पाहिजेत. म्हणून स्थिर खर्च नेहमी खात्रीच्या आकड्याने भागायचा, आशेच्या आकड्याने नाही.

भागाकाराआधी तुमच्या यादीत सुटलेल्या दोन गोष्टी भरून घेऊ.

पहिली म्हणजे जास्तीचं अन्न. चाळीस पाहुण्यांना नेमकं चाळीस ताटांचं करून कोणीच निघत नाही. मोठ्या समारंभात कमी खाणारे आणि जास्त खाणारे एकमेकांना भरून काढतात, लहान गटात तसं होत नाही. चाळीसपैकी चौघांनी दुप्पट खाल्लं तरी १० टक्के जास्त लागतं. म्हणून लहान ऑर्डरला मी १० टक्के वाढीव धरायला सांगते. म्हणजे कच्चा माल ताटामागे १०० नाही, ११० पडतो. त्यात तुमचे २० मिळवले की एका पाहुण्यामागचा खर्च १३० होतो. उरलेल्या अन्नाचे पैसे कोणी देत नाही, त्यामुळे ते आधीच दरात असायला हवेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः. यादी करणं, खरेदी, आदल्या दिवशीची निवडणं-चिरणं, त्या दिवशीचा स्वयंपाक, जागेवरची मांडणी, शेवटी भांडी घासून परत करणं. अशा ऑर्डरला हे सगळं मिळून मी २० तास धरते. तुम्ही एकदा घड्याळ लावून मोजा, आकडा बहुधा वरच जाईल. मदतनिसाला आठ तासांचे ८०० देत असाल तर तासाला १०० झाले. तुमचा तास त्याहून महाग आहे, पण निदान तेवढा तरी धरा. म्हणजे २,००० आणखी. स्थिर खर्च ४,००० नाही, ६,००० आहे.

आता तुमचा २२५ चा दर या खर्चासमोर ठेवून पाहा. चाळीस पाहुणे आले तर हाती ९,००० येतील. अन्नाचे ५,२०० आणि रोख स्थिर खर्च ४,००० मिळून ९,२०० गेलेले असतील. म्हणजे २० तास राबून वर २०० खिशातून. साठही आले तरी १३,५०० मधून ११,८०० जाऊन १,७०० उरतात आणि मदतनिसाच्या दरानेही तुमची मजुरी २,००० होते. शिवाय साठ पाहुण्यांना तुमचे दोन मदतनीस पुरत नाहीत, तिसरा आला की त्याचे ८०० जाऊन उरतात ९००. जो आकडा सगळ्यांत चांगला वाटत होता, त्यातही तुम्ही तोट्यातच आहात.

खरा खर्च असा येतो. पन्नास पाहुण्यांना ताटामागे स्थिर खर्चाचा वाटा १२०, म्हणजे ताट २५० ला पडतं. चाळीसला वाटा १५०, ताट २८० ला. तीसला वाटा २००, ताट ३३० ला. लहान ऑर्डरमध्ये दहा पाहुणे इकडेतिकडे झाले की दर इतका हलतो. ‘कच्च्या मालाच्या दुप्पट’ किंवा ‘तिप्पट’ असा ठोकताळा म्हणूनच इथे फसतो. त्यात पाहुण्यांची संख्या कुठेच नाही.

वर नफा. तुमची मजुरी खर्चात आली, त्यामुळे नफा म्हणजे पगार नव्हे. दर सांगितल्यापासून खरेदीपर्यंत वाढलेले भाव, फुटलेली भांडी, तुमच्या शेगड्या-पातेल्यांची झीज यांसाठीची ती गादी आहे. मी विक्रीच्या १५ टक्के धरते. इथे एक बारीक चूक पुष्कळ जण करतात: २८० वर १५ टक्के चढवून ३२२ सांगतात. पण ३२२ मधले ४२ म्हणजे जेमतेम १३ टक्के. विक्रीचे १५ टक्के हवेत तर २८० ला ०.८५ ने भागा. ३२९ येतात, म्हणजे ३३० धरा.

तर चाळीसच्या हमीवर तुमचा दर ३३०. पण हा आकडा नुसता सांगितलात तर यजमान दचकतील, आणि त्यांचा एक प्रश्न रास्त असेल: पन्नास आले तरी ३३० च का? पन्नासला तुमचा स्थिर खर्च वाढलेला नसतो. म्हणून दराचे दोन भाग करा. ६,००० ला ०.८५ ने भागलं की साधारण ७,०००, ती मांडणीची ठोक रक्कम. १३० ला भागलं की १५३, म्हणजे ताटाला १५५. चाळीस पाहुण्यांचे ७,००० अधिक ६,२००, एकूण १३,२००. ताटामागे बरोबर ३३०. पन्नास आले तर १४,७५०, म्हणजे ताटामागे २९५. दोन्हीकडे तुमचा नफा जवळपास १५ टक्केच राहतो, आणि संख्या वाढल्याचा फायदा यजमानांनाही मिळतो.

‘मांडणीची रक्कम’ म्हटलं की काही लोक त्यावरच अडतात. त्यांच्यासाठी तोच हिशेब दुसऱ्या शब्दांत सांगा: चाळीस ताटांपर्यंत १३,२००, पुढच्या प्रत्येक ताटाला १५५. मला स्वतःला हीच मांडणी जास्त आवडते, कारण किमान संख्येची अट तिच्यातच येते आणि वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

एक पायरी मात्र आधीच सांगून ठेवा. पंचावन्नपर्यंत प्रत्येक वाढीव ताट १५५ ला देताना तुम्हाला २५ सुटतात. छप्पन्नाव्या पाहुण्याला तिसरा मदतनीस लागतो. छप्पन्न ते साठ या पाच ताटांतून सुटणार १२५ आणि मदतनीस नेणार ८००. म्हणून पंचावन्नच्या वर ९४० वेगळे, हे पहिल्याच बोलण्यात आलं पाहिजे. मग साठ पाहुण्यांचे १७,२४० होतात, ताटामागे २८७. तुमच्याकडे अशी आणखी एखादी पायरी आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी ती गाडीत असते, एका फेरीत न मावणारं सामान दुसरी फेरी मागतं.

किमान संख्येबद्दल. किमान म्हणजे त्याहून कमी आले तरी बिल तेवढ्याचंच होणार. यजमान चाळीस ते साठ म्हणत आहेत, तर किमान चाळीस ठेवा. पन्नासची अट घातलीत आणि बेचाळीस आले, तर न जेवलेल्या आठ ताटांवरून वाद होईल आणि लहान धंद्याला असा वाद परवडत नाही. त्यांनी तीसवर अडून धरलं तर नाही म्हणू नका, त्याच सूत्राने ११,६५० सांगा. वीस पाहुण्यांचे १०,१०० होतात, म्हणजे ताट ५०५ ला. हा आकडा तोंडातून काढायला जड जात असेल तर ती ऑर्डर तुमच्या पद्धतीच्या कामात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अंतिम संख्या खरेदीच्या आदल्या दिवशी लेखी घ्या. त्यानंतर ती वाढू शकते, तीही तुमच्याकडच्या जास्तीच्या अन्नापुरतीच, कमी होऊ शकत नाही. बिल लेखी संख्या आणि खरी संख्या यांतल्या मोठ्या आकड्याचं. खरी संख्या मोजायची प्लेटांवरून: पन्नास प्लेटा मांडल्या, उरल्या सात, तर त्रेचाळीस. मांडताना आणि उचलताना यजमानांच्या माणसाला शेजारी उभं करून गड्डी मोजायची. एखाद्याने मधेच दुसरी प्लेट घेतली तर ती वजा करायची की नाही, हे आधी ठरलेलं असावं. मी ती वजा करायला सांगते, दोन-तीन प्लेटांसाठी ताणू नये.

आणि पैसे कधी? चाळीसच्या ऑर्डरला तुमच्या हातून रोख ९,२०० जाणार आहेत. निम्मे ठरवताना घ्या. खरेदीला निघण्यापूर्वी हाती निदान ९,२०० आलेले असू द्या. उरलेले ४,००० म्हणजे तुमची मजुरी आणि नफा, ते त्या दिवशी घेतले तरी चालेल.

यजमान ‘२२५-२३० च्या वर परवडत नाही’ म्हणाले, तर तुमचा नफा कापून खाली येऊ नका, काम कापा. अन्न तयार करून पोहोचवायचं, वाढणं आणि भांडी त्यांची. मग मदतनीस आणि भांडी मिळून २,८०० जातात, तुमचे तासही वीसवरून चौदावर येतात. स्थिर खर्च उरतो २,६००. चाळीस पाहुण्यांचे ५,२०० धरून ७,८००, ०.८५ ने भागून सुमारे ९,२००. ताटाला २३०. त्यांना हवा तो दर मिळतो आणि तुमचे १५ टक्के जागेवर राहतात.

उद्या फोनवर आकडे तोंडी सांगू नका. चार ओळी पाठवा: ‘चाळीस ताटांपर्यंत एकूण १३,२००, वाढणे आणि भांडी यांसह. पुढील प्रत्येक ताट १५५. पंचावन्नच्या वर पाहुणे असल्यास ९४० अधिक. केवळ अन्न पोहोचवायचे असल्यास चाळीस ताटांचे ९,२००.’ आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत मदतनिसांना तारीख सांगून ठेवा, पण भांड्यांची आगाऊ रक्कम भरू नका.