तक्ता चौघांचा, अक्षर एकीचंच

«माझी मुलगी पाचवीत आहे. गटाचा प्रकल्प असला की तक्ता तीच लिहिते, चित्रं तीच चिकटवते आणि वर्गासमोर बोलतेही तीच. बाकीचे तिघं बसून राहतात, गुण मात्र चौघांना सारखे. नातेवाईक म्हणतात, ही जन्मजात लीडर आहे. आता बाईंनी पालकसभेत सांगितलं की पुढच्या प्रकल्पापासून प्रत्येक मुलाला कामाचं कार्ड देणार, म्हणजे रोल कार्ड. यात हुशार मुलीला मुद्दाम मागे खेचल्यासारखं होणार नाही ना? तिच्या पुढच्या करिअरच्या दृष्टीने काय बरं?
— एक आई, कळवा, ठाणे»

ताई, नमस्कार.

कार्डं येऊ द्या. तुमच्या मुलीला त्यांची गरज गटातल्या इतर तिघांपेक्षा जास्त आहे, असं मी म्हणेन.

माझ्याकडे दहावीनंतर येणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते: शाळेच्या प्रकल्पात तुझ्याकडे कोणतं काम असायचं? उत्तर झटकन येतं. ‘माझं अक्षर चांगलं, म्हणून मी लिहायचे.’ ‘मी सामान आणायचो.’ ‘मी काहीच नाही, ते लोक करायचे.’ पुढे बोलत गेलं की कळतं, जिने पाच वर्षं फक्त लिहिलं तिने ‘मला चार लोकांत बोलता येत नाही’ हे मनाशी पक्कं केलेलं असतं आणि ती शाखाही त्या हिशेबाने निवडायला निघालेली असते. तिला बोलता येतं की नाही, हे कुणी तपासलेलंच नसतं. पाचवीत कुणाच्या हाती पहिल्यांदा स्केचपेन लागलं, एवढ्यावरून हे ठरून गेलेलं असतं. तुमच्या मुलीचं उलटं होतंय. दुसऱ्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे तिला अजून एकदाही करावं लागलेलं नाही. पाचवीतल्या प्रकल्पावरून कुणाचं करिअर ठरत नाही, पण नेतृत्व म्हणायचंच असेल तर ते या कामाला म्हणावं लागेल.

मात्र कार्डं नीट बनवली नाहीत तर ती तीन दिवसांत दप्तराच्या तळाशी जातात. म्हणून बाईंशी बोलताना उपयोगी पडेल असं थोडं सविस्तर लिहिते.

‘लीडर’, ‘टाइमकीपर’, ‘रायटर’ एवढंच लिहिलेलं कार्ड म्हणजे नुसता बिल्ला. दहा वर्षांच्या मुलाला त्यावरून काय करायचं ते कळत नाही. लीडर मॉनिटरसारखा ओरडू लागतो आणि टाइमकीपर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतो. कार्डावर तीन ओळी हव्यात: मी काय करायचं, मी कोणतं वाक्य म्हणायचं आणि तास संपताना मी काय दाखवायचं. यातली मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची. या वयाच्या मुलांना मदत करायची इच्छा असते, पण दुसऱ्याला टोकायचं कसं, विचारायचं कसं, याचे शब्द त्यांच्याकडे नसतात. कार्ड त्यांना ते शब्द देतं.

चौघांच्या गटासाठी मी अशी चार कार्डं सुचवते. पहिलं सूत्रधाराचं. तो प्रत्येकाला बोलायची पाळी देतो, ‘अजून कोण बोललं नाही?’ असं विचारतो आणि शेवटी चार नावांपुढे चार खुणा दाखवतो. स्वतः निर्णय देणं किंवा दुसऱ्याचं काम ओढून घेणं त्याला चालत नाही. दुसरं लेखनिकाचं. तो गटात ठरलेल्या गोष्टी वहीत टिपतो आणि ‘मी लिहिलं ते असंच ठरलं होतं ना?’ म्हणून वाचून दाखवतो. अख्खा तक्ता लिहिणं हे त्याचं काम नाही, आणि ही ओळ कार्डावर लिहायलाच हवी, कारण घोटाळा नेमका इथे होतो. तिसरं कार्ड साहित्य आणि वेळ सांभाळणाऱ्याचं. डिंक, कात्री, कागद आणणं, अर्धा तास झाल्यावर ‘दहा मिनिटं राहिली, काय उरलंय?’ असं विचारणं आणि शेवटी बाक स्वच्छ दाखवणं हे त्याच्याकडे. गटाची शंका घेऊन बाईंकडे जायचं तेही यानेच, आणि तीही आधी बाकीच्या तिघांना विचारून झाल्यावर. चौथं तपासनीसाचं. ‘हे तुला कुठून कळलं?’ एवढं त्याचं वाक्य, आणि शेवटी प्रत्येक माहितीपुढे ती कुठून घेतली हे लिहिलेलं दिसलं पाहिजे.

निवेदकाचं कार्ड मी मुद्दाम ठेवलेलं नाही. ते ठेवलं की एकच मूल बोलतं आणि तिघं सुटतात. आपापला भाग प्रत्येकाने सांगायचा.

आता खरी मेख. कार्डांनी गट चालवण्याचं काम वाटलं जातं, प्रकल्पाचा मजकूर वाटला जात नाही. वेळ सांभाळणाऱ्याने दोनदा वेळ सांगितली की उरलेला तासभर तो रिकामाच. म्हणून कार्डाबरोबर प्रत्येकाच्या हातात विषयाचा एक तुकडा हवा, आणि तो असा हवा की त्याच्याशिवाय बाकीच्यांचं अडेल. ही कल्पना जुनी आहे. 1971 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात इलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने पाचवीच्याच वर्गांत धडा असा तुकड्यांत वाटून दिला होता. वर्गातली मुलं एकमेकांना तुच्छ लेखत होती. ज्या मुलाकडे तुकडा आहे त्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही म्हटल्यावर त्यांना एकमेकांचं ऐकावं लागलं.

आपल्या ठाण्याचंच उदाहरण घेऊ. विषय: पहिली रेल्वे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, हे पाचवीतल्या मुलांना माहीत असतं, आणि एरवी प्रकल्प तेवढ्यावरच संपतो. दुकानातून आणलेलं इंजिनाचं चित्र चिकटवलं की झालं. आता तुकडे पाडा. एकाकडे तो प्रवास: किती अंतर, किती डबे, किती माणसं, किती वेळ. दुसऱ्याकडे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि वाफेवर गाडी चालते कशी. तिसऱ्याकडे मुंबईत रेल्वे यावी म्हणून धडपडणारी माणसं, त्यात जगन्नाथ शंकरशेट. चौथ्याकडे आजचं ठाणे स्टेशन: रोज लोकलने जाणाऱ्या घरातल्या एका माणसाला विचारलेले पाच प्रश्न. शेवटी तक्त्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: त्या दिवशीचा प्रवासी आणि आजचा प्रवासी, दोघांच्या प्रवासात काय काय वेगळं? चारही तुकडे समोर आल्याशिवाय हे उत्तर लिहिता येत नाही. तुमची मुलगी कितीही हुशार असली तरी एकटीने नाही.

इथे तपासनीसाचं कार्ड कसं कामाला येतं ते बघा. अंतर सुमारे 34 किलोमीटर, डबे 14, पाहुणे सुमारे 400, यावर वाद होत नाही. पण प्रवासाला लागलेला वेळ कुठे 57 मिनिटं तर कुठे सव्वा तास असा छापलेला सापडतो. कार्ड नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा तक्त्यावर जातो. तपासनीस ‘कुठून कळलं?’ विचारतो तेव्हा दोन्ही आकडे, कुठून मिळाले त्यासकट, तक्त्यावर येतात. आणि चौथा मुलगा बाबांना विचारून आलेला असतो, त्यामुळे आजची स्लो लोकलही ठाण्याहून सीएसएमटीला जायला साधारण तासभर घेते, हे तो सांगतो. मग ‘एवढ्या वर्षांत वेग वाढलाच नाही का?’ यावर गटात खरी चर्चा सुरू होते. मधल्या स्टेशनांवर थांबण्याचा मुद्दा बहुतेक वेळा मुलं स्वतःच काढतात.

वेळेचा हिशेब साधारण चार तासिकांचा. पहिल्या तासिकेत रेल्वेचं नावही काढायचं नाही. जुन्या वर्तमानपत्राचा उंच मनोरा करण्यासारखं दहा मिनिटांचं काम द्यायचं आणि कार्डावरची वाक्यं मोठ्याने म्हणून बघायची. मुलं हसतात, लाजतात. ते त्या दिवशीच होऊन जाऊ दे. दुसऱ्या तासिकेत आपापला तुकडा वाचायचा, तिसऱ्यात एकमेकांना सांगून उत्तर ठरवायचं, चौथ्यात तक्ता आणि सांगणं. कार्डं पूर्ण प्रकल्पभर तीच ठेवावीत. रोज बदलली तर कुठलंच काम अंगवळणी पडत नाही. पुढच्या प्रकल्पाला मात्र प्रत्येकाचं कार्ड बदललंच पाहिजे, चांगलं अक्षर असलेलीचंही. वर्षात चार प्रकल्प झाले तर चारही कामं प्रत्येकाच्या हातून होतात.

बिघडतंय हे बाईंना लगेच दिसेल. तक्त्यावर एकच अक्षर दिसलं की समजावं. दुसरी खूण अशी की इंजिनवाल्याला शंकरशेटांबद्दल एक साधा प्रश्न विचारला आणि तो मैत्रिणीकडे बघू लागला. तसं झालं तर तुकडे वाटले गेले, पण एकमेकांना सांगितले गेले नाहीत. उपाय म्हणजे तिसरी तासिका पुन्हा घेणं, त्या मुलाला ओरडणं नव्हे. ज्या मुलाला वाचायला जड जातं त्याच्या कार्डावर शब्दांसोबत घड्याळाचं, कात्रीचं छोटं चित्र काढावं. कोणी गैरहजर असेल तर त्याचं कार्ड सूत्रधाराने घ्यायचं हे आधीच ठरवून ठेवावं, नाहीतर ते कार्ड आपोआप तुमच्या मुलीकडे जाईल. सहा जणांचा गट असेल तर सहा कार्डं करू नयेत. तिघांचे दोन गट करावेत आणि साहित्यवाल्याचं काम तिघांत वाटून घ्यावं.

गुणांचं तुम्ही बोललात ते रास्त आहे. प्रकल्प आकारिक मूल्यमापनात धरला जातो, त्यामुळे बाईंना विनंती करा: निम्मे गुण गटाच्या तक्त्याला आणि निम्मे प्रत्येकाच्या तोंडी उत्तराला, त्यातही एक प्रश्न दुसऱ्याच्या तुकड्यावरचा. कार्ड ‘किती छान सांभाळलं’ याला मात्र गुण नसावेत. गुण आले की मुलं एकमेकांच्या चहाड्या करतात.

कार्डांनी न सुटणारी एक गोष्ट आहे, आणि ती घरात आहे. प्रकल्प घरी करायला दिला की तो ज्या मुलीची आई जागी राहते तिच्या घरी होतो. रात्री अकराला चित्रं कापत बसलेली आई हा गटातला पाचवा सभासद असतो, आणि त्याच्याकडे कुठलंच कार्ड नसतं. तुमच्याकडे असं होत असेल तर राग मानू नका, पण ते थांबवा. काम वर्गातच होऊ द्या. घरी फक्त आपला तुकडा शोधणं आणि कुणाला तरी प्रश्न विचारणं एवढंच यावं.

पहिल्या प्रकल्पात तिला तपासनीसाचं कार्ड मिळावं, असं बाईंना सुचवा. सूत्रधाराचं दिलं तर ती जुन्या सवयीने सगळं हातात घेईल. लेखनिकाचं दिलं तर पेन पुन्हा तिच्याकडेच. तपासनीस झाली की तिची हुशारी प्रश्न विचारण्यात लागेल आणि हात मोकळे राहतील. पहिले दोन दिवस ती घरी येऊन कुरकुर करेल, ‘त्यांना नीट येतच नाही, किती वेळ लावतात’ म्हणेल. त्या वेळी तिच्या बाजूने बाईंना फोन करू नका. तिला एवढंच विचारा, ‘तुझ्या गटातल्या इंजिनवाल्याने आज काय सांगितलं?’ तिला सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला विचारून यायला सांगा.