मागची बाकी पुढच्या महिन्यावर टाकू नका

"माझ्या हाताखालच्या एका सहकाऱ्याला संधिवात आहे. एक महिना काम उत्तम, पुढच्या महिन्यात निम्मंसुद्धा नाही. टार्गेट कमी केलं तर बाकीचे कुरकुरतात, नाही केलं तर त्याच्यावर अन्याय होतो. वार्षिक रिव्ह्यू तोंडावर आलाय. ऑफिस वागळे इस्टेट, ठाणे. काय करू?"

तुमची पोस्ट वाचून मला चार वर्षांपूर्वीचा मार्च आठवला. तेव्हा मी जे केलं ते तुमच्याकडून होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही, डॉक्टर नाही. हा एका विभागाचा अनुभव आहे, तसाच वाचा.

मी वाशीत आयात मालाच्या कागदपत्रांचं काम बघते. न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं विवरणपत्र, भरायच्या आधी चेकलिस्ट तयार करायची, हे आमच्या टीमचं काम. दिवसाला २० चेकलिस्ट हे ठरलेलं माप. टीममधल्या एका मुलीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. कळव्याहून यायची, ठाण्याला गाडी बदलून. त्या मार्चमध्ये तिच्या १२० चेकलिस्ट कमी पडल्या. मी अगदी मनापासून तिला म्हटलं, "काळजी करू नकोस, एप्रिलमध्ये भरून काढ."

हीच ती चूक. एप्रिलमध्ये तिची तब्येत बरी होती, म्हणून ती रोज २४-२५ करत रात्री आठपर्यंत बसली. बाकी जवळजवळ फिटली आणि मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात तिची मनगटं इतकी सुजली की चहाचा कप उचलता येईना. ११ दिवस रजा. आता बाकी मार्चपेक्षा मोठी. असं दोनदा झालं, तरी माझ्या लक्षात आलं नाही की दुखणं जितकं आजाराचं होतं, तितकंच मी लावून दिलेल्या परतफेडीचंही होतं. एकदा ती म्हणाली, "ताई, आता चांगले दिवस आले की मला भीती वाटते." ते ऐकल्यावर मी पहिल्यांदा कागद घेऊन बसले.

तोवर रिव्ह्यू होऊन गेला होता. वरच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये नियम असा, की कुठल्याही तीन महिन्यांत काम ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की शेरा आपोआप 'सुधारणा आवश्यक'. मी फोन केले, मेल केले. दर वेळी एकच उत्तर: पुढे त्रास कधी होणार, हे डॉक्टरांकडून तारखेसह लिहून आणा. कुठला डॉक्टर असं लिहून देईल? मग सांगितलं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकल सेल, हिमोफिलिया नावानिशी आहेत, हा आजार नावाने नाही. हालचालीवर कायमचा परिणाम झाला असेल तर तपासणीतून प्रमाणपत्र मिळू शकतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्या सुजेला तो कागद लागू पडत नाही. शेवटी मी त्या फॉर्मवर सही केली. तिची पगारवाढ थांबली. ती सही मला आजही टोचते.

आता आम्ही जे करतो ते सांगते. टार्गेट महिन्याचं ठेवतच नाही, दिवसाचं ठेवतो. सकाळी दहाच्या आत ती मला एकच शब्द पाठवते: 'पूर्ण' किंवा 'अर्धा'. कारण लिहायचं नाही, मीही विचारत नाही. या आजारात सकाळी सांधे तासतासभर आखडलेले असतात, त्यामुळे दिवस कसा जाणार याचा अंदाज तिला ऑफिसात पोचेपर्यंत आलेला असतो. पूर्ण दिवसाला २०, अर्ध्याला १०, रजेच्या दिवसाला शून्य. अर्ध्याचं माप मी मनाने ठरवलं नाही. मागच्या चार महिन्यांची रोजची नोंद काढून आम्ही दोघी बसलो, आणि त्रासाच्या दिवशी ती ९ ते ११ च्या मध्ये करते असं दिसलं.

एका जुलैचा हिशोब देते. कामाचे दिवस २४. पूर्ण ९, अर्धे १०, रजा ५. अपेक्षित काम १८० अधिक १००, म्हणजे २८०. झालं २७१, म्हणजे जवळपास ९७ टक्के. जुन्या पद्धतीने हेच २७१ आम्ही ४८० शी ताडून पाहिलं असतं आणि ५६ टक्के लिहिलं असतं. बाई तीच, काम तेच. महिना संपला की पाटी कोरी, उणं-अधिक काहीच पुढे जात नाही. चांगल्या दिवशी २० झाल्यावर मी तिला घरी पाठवते, आणि यात मी कडक आहे.

कुरकुरीचं उत्तरही यातच आहे. पूर्ण दिवसाचं माप सगळ्यांना २०च, आणि रजेचे दिवस सगळ्यांच्याच हिशोबातून वजा होतात. टीमला मी फक्त एवढंच सांगितलं. आजाराबद्दल बोलायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. कृपा करून व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज अमुकला बरं नाही, सांभाळून घ्या' असं कधीही टाकू नका. नगावर मिळणारा इन्सेन्टिव्ह मात्र आम्ही झालेल्या कामावरच देतो, आणि पगारवाढीचा शेरा या टक्क्यांवर. हे दोन्ही एकत्र केलंत तर भांडणं होतील.

'अर्धा' सांगून कुणी फसवेल, ही भीती मलाही होती. खरी कामातली उणीव ओळखायची तर पूर्ण दिवसांकडे बघा. तिचे पूर्ण दिवस १९-२० वर स्थिर आहेत. ते तीन महिने सलग १४-१५ वर आले असते, तर मी आजार बाजूला ठेवून कामाबद्दल बोलले असते. चुका वेगळ्या मोजा. तपासणीत परत आलेल्या चेकलिस्ट तिच्या पूर्ण दिवशी शंभरात ३, अर्ध्या दिवशी ८ निघाल्या, त्यातल्या बऱ्याच मालाच्या वर्गीकरणाच्या. म्हणून अर्ध्या दिवशी तिला नेहमीच्या आयातदारांची कामं देते, जिथे कोड आधीच ठरलेले असतात.

घाईची कामंही वेगळी काढावी लागली. बिल ऑफ एंट्रीला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. त्यामुळे उद्या लागणाऱ्या जहाजाचं काम एकट्या तिच्या नावावर कधीच नसतं. पण बिल जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं, त्यामुळे लांबच्या जहाजांची कामं भरपूर असतात, ती तिची. एक दिवस मागेपुढे झाला तरी कुणाचं नुकसान नाही.

या पद्धतीला मर्यादा आहे. पूर्ण दिवस तिमाहीत एक तृतीयांशाहून कमी होऊ लागले, तर टक्के छान दिसतील, पण काम अडेल. तेव्हा मापाशी खेळू नका, कामाचं स्वरूप किंवा वेळा बदलण्याबद्दल त्या सहकाऱ्याशी बोला. आणि ग्राहकांना भेटायला जाण्याचं काम असेल तर अर्ध्याला अर्धं हे गणित बसेलच असं नाही, तुमच्या नोंदी बघूनच ठरवा.

डॉक्टरांचं पत्र वर्षातून एकदाच मागा. त्यात आजाराचं नाव नको, हातांनी किती वेळ काम जमेल, किती वेळाने विश्रांती हवी, एवढंच हवं. खाजगी आस्थापनेलाही त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, ते तुमच्या ऑफिसचं मागून घ्या. वरच्या लोकांशी बोलताना माझ्या फोनांपेक्षा तोच कागद जास्त उपयोगी पडला.

तुमचा रिव्ह्यू तोंडावर आहे, म्हणून आधी मागच्या वर्षाची रोजची नोंद काढा आणि दिवस पूर्ण, अर्धे, रजा असे सहकाऱ्यासोबत बसून लावा. आठवणीवर काही दिवस चुकतील, चालेल. दोन्ही टक्के शेजारी शेजारी लिहून फॉर्मला जोडा, आणि ते जोडल्याशिवाय सही करू नका.