तीन-चार आठवडे चॅट झालेल्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा द्याव्यात?

प्रश्न: डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या एका मुलीशी साडेतीन आठवडे रोज रात्री चॅट होतंय. एकदा फोनवर बोललोय, अजून भेटलो नाही. ती नाशिकची, नोकरी पुण्यात. गुरुवारी तिचा वाढदिवस आहे, हे तिनेच सांगितलं. आई त्या दिवशी पुण्याला येणार आहे आणि पुरणपोळी करणार आहे, असंही म्हणाली. सध्या पोहायला शिकतेय. मी हे लिहिलंय: "प्रिय, माझ्या आयुष्यात आल्याबद्दल थँक्यू. तुझ्यासारखी मुलगी भेटायला नशीब लागतं. पुढचा वाढदिवस आपण एकत्र साजरा करू! काकूंनाही नमस्कार सांग." रात्री बाराला पाठवू का? कोरडंही नको आणि गळेपडूही नको.

उत्तर:

तिने वाढदिवस स्वतःहून सांगितला, ही चांगली गोष्ट आहे. शुभेच्छा द्यायला तुम्हाला वेगळा हक्क शोधावा लागत नाही. जुने फोटो चाळून तारीख काढली असती, तर मी म्हटलं असतं की तिच्याकडून विषय निघेपर्यंत थांबा.

आता तुमचा मसुदा. त्यात वाईट काहीच नाही, पण त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्यापेक्षा तुमच्याबद्दल जास्त बोलतं. "माझ्या आयुष्यात आल्याबद्दल" हे वाचल्यावर तिला प्रश्न पडेल, मी आले का? तिच्या लेखी ती अजून एका चॅटमध्ये आहे आणि एक फोन झालाय. "नशीब लागतं" या वाक्याला ती काय उत्तर देणार? तेवढंच मोठं काहीतरी परत लिहायचं, नाहीतर विषय टाळायचा, असे दोनच मार्ग उरतात. वाढदिवसाच्या दिवशी तिला त्या पेचात टाकू नका. "पुढचा वाढदिवस एकत्र" हे तर पुढच्या एका वर्षाचं ठरवून टाकणं झालं, आणि तुम्ही अजून एक कप चहाही सोबत घेतलेला नाही.

"काकूंना नमस्कार" हे तुम्ही आदरानेच लिहिलंय, याची मला खात्री आहे. पण आपल्याकडे काकू म्हटलं की नातं सुरू होतं. तिने आईला तुमच्याबद्दल सांगितलंय की नाही हे तुम्हाला माहीत नाही. सांगितलं नसेल, तर हा नमस्कार ती पोचवणार कसा? "प्रिय" मात्र मी वेगळ्या कारणासाठी काढेन. पत्रात तो साधा मायना असतो, पण रोजच्या चॅटमध्ये जिला नुसत्या नावाने हाक मारता, तिला त्याच दिवशी "प्रिय" म्हटलं की तो शब्द जड होतो. "डिअर"चंही तेच.

आईचा विषय निघालाच आहे, तर गुरुवारचा दिवस जरा डोळ्यांसमोर आणा. आई बुधवारी रात्रीच आलेली असू शकते. भाड्याची खोली असेल तर दोघी एकाच खोलीत झोपलेल्या असतील. बारा वाजता फोन वाजला की आई विचारणार, कोण गं एवढ्या रात्री? सकाळी औक्षण होईल, निरांजन, सुपारी, कपाळाला कुंकू. तेव्हा फोन ओट्यावर किंवा टेबलावर पडलेला असेल आणि बंद स्क्रीनवरही मेसेजच्या पहिल्या दोन ओळी दिसत असतील. म्हणून माझी एकच कसोटी आहे. आईने ओझरतं वाचलं तरी तिला काही समजावून सांगावं लागू नये, असा मेसेज हवा. "मित्राचा आहे" एवढं म्हणून तिला पुन्हा पोळीकडे वळता आलं पाहिजे.

त्यामुळे रात्री बारा नको. बाराची वेळ घरच्यांची आणि कॉलेजपासूनच्या मैत्रिणींची असते. तुमची जागा सध्या त्या रांगेत नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही रोज रात्री बोलता, तर रात्रीसाठीही राखून ठेवू नका. त्या वेळी मेसेज गेला की नेहमीची गप्पांची बैठक सुरू होते आणि आई शेजारी असताना तिला तुमच्याशी तासभर बोलत बसावं लागतं, किंवा उठून जाताना अवघडल्यासारखं होतं. सकाळी नऊ-साडेनऊला पाठवा. दिवसाच्या सुरुवातीला आठवण झाली हे तिला कळतं आणि उत्तर द्यायला अख्खा दिवस मोकळा राहतो.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतेय, कारण मी हे दुसऱ्या बाजूने अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी साधारण महिनाभर बोलणं झालेल्या एका मुलाने माझ्या वाढदिवसाला ऑफिसात केक पाठवला. मी त्याला कंपनीचं नाव कधी सांगितलं नव्हतं, नोकरीच्या साइटवरच्या माझ्या प्रोफाइलवरून त्याने ते शोधलं होतं. रिसेप्शनवरून फोन आला, सगळे जमले, केकवरचं नाव वाचून "कोण हा?" सुरू झालं. मी हसून केक कापला, सगळ्यांना वाटला, आणि घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. मुलगा वाईट नव्हता, खर्च करून मनापासून पाठवलं होतं त्याने. पण मी न दिलेला पत्ता त्याच्याकडे होता आणि मी न सांगितलेली गोष्ट माझ्या टीमला कळली होती. त्यानंतर मला त्याच्याशी मोकळं बोलता आलं नाही. म्हणून भेटवस्तूचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ता बाजूला ठेवा. पत्ता विचारूही नका, कारण विचारलं की नाही म्हणायची जबाबदारी तिच्यावर येते.

दुसऱ्या एका वर्षी, दुसऱ्याच एकाचा मेसेज आला होता: "वाढदिवसाच्या शुभेच्छा! आज तरी मांजरीला उठवून स्वतःच्या खुर्चीवर बस." आमच्या मांजरीने माझी कामाची खुर्ची बळकावली होती, हे मी त्याला दोन आठवड्यांपूर्वी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. आम्ही पुढे दोनदा भेटलो, जमलं नाही, पण तो मेसेज मला अजून शब्दशः आठवतो. त्यात माझं कौतुक नव्हतं, पण मी बोललेलं त्याने ऐकलं होतं.

तुमच्याकडे असे दोन तपशील आहेत, पोहणं आणि पुरणपोळी. दोन्ही वापरू नका. दोन घातले की नोंदी ठेवल्यासारखं वाटतं. मी पुरणपोळी घेईन, कारण ती त्याच दिवसाची आहे आणि तिने ती आनंदाने सांगितली आहे. पोहण्याबद्दल ती कशी बोलली होती ते आठवून बघा. हसत हसत सांगितलं असेल तर तेही चालेल. पण खोल पाण्याची भीती वाटते असं काही रात्री उशिरा, हळू आवाजात सांगितलं असेल, तर ते तिने विश्वासाने सांगितलंय. ते शुभेच्छांमध्ये आणायचं नाही. ती पुन्हा बोलली तरच बोला. तिच्या फोटोंवरूनही काही घेऊ नका, आणि दिसण्याचं कौतुक आज नको.

माझ्या हातून मसुदा असा होईल:

"(तिचं नाव), वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! आज आईच्या हातची पुरणपोळी आहे, तेव्हा तुपाला अजिबात नाही म्हणू नकोस. तुझ्याशी बोलायला मला मनापासून आवडतं. दिवस मस्त जाऊ दे."

ऊब तिसऱ्या वाक्यात आहे. ते काढू नका, नाहीतर हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरही चालला असता. पण त्याची मर्यादा बघा. "बोलायला आवडतं" ही झालेल्या गोष्टीबद्दलची खरी गोष्ट आहे. त्यात "तुझ्याशिवाय" नाही, "नेहमी" नाही, दिवसांची मोजदादही नाही. आईने ते वाचलं तरी चालेल. आणि शेवट प्रश्नाने केलेला नाही, हे मुद्दाम. "मग आज काय प्लॅन?" असं शेवटी लिहिलं की शुभेच्छांना उत्तराची पावती जोडली जाते. प्रश्न दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

भाषा तुमच्या चॅटची हवी. तुम्ही दोघं तू म्हणत असाल तर तूच. अजून तुम्ही म्हणत असाल तर त्या दिवशी एकदम तू वर येऊ नका, "म्हणू नका" आणि "तुमच्याशी बोलायला" असं करून घ्या, मजकूर तसाच राहतो. "उदंड आयुष्य लाभो", "सर्व मनोकामना पूर्ण होवोत" ही वाक्यं मोठ्यांच्या आशीर्वादाची आहेत, बरोबरीच्या माणसाकडून ती छापील वाटतात. इमोजी घालायचंच असेल तर केकचं पुरे, लाल बदाम नको. व्हॉइस नोटही नको, चारचौघांत ती ऐकता येत नाही.

पाठवल्यावर ती "थँक्यू सो मच" एवढंच लिहील, आणि बहुतेक तेवढंच लिहील, कारण त्या दिवशी शंभर जणांना तिला तेच लिहायचं असतं. त्यावर "एंजॉय!" म्हणा आणि थांबा. निळ्या टिका दिसूनही संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही, तर "पोचलं का?" विचारू नका आणि स्टेटसला तिच्यासाठी म्हणून काही लावू नका. शुक्रवारी रात्री नेहमीच्या वेळेला विचारा, "मग, किती पोळ्या झाल्या?"

तिथे बरंच कळेल. ती आईबद्दल, दिवसाबद्दल आपणहून सांगू लागली, ताटाचा फोटो पाठवला, तुम्हाला तुमच्या वाढदिवसाचं विचारलं, तर पुढच्या आठवड्यात भेटण्याचं विचारायला हरकत नाही. तुम्ही पुण्यात असाल किंवा येऊ शकत असाल, तर दिवसाउजेडी, एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी कॉफी, तास-दीड तास. पण भेटीचा प्रश्न वाढदिवसाच्या मेसेजला चिकटवू नका, कारण कुणी शुभेच्छा देत असताना नाही म्हणणं फार जड जातं. आणि शुक्रवारी उत्तर एका शब्दाचं आलं, शनिवार-रविवारही तसाच गेला, तर ती बहुधा मागे सरकतेय. त्यात तुमच्या पुरणपोळीच्या वाक्याचा दोष नसेल. तेव्हा आणखी एक मोठा मेसेज लिहू नका, तिला बोलावंसं वाटेपर्यंत जागा द्या.